हेवा आणि धास्ती

मागच्या श्रावणात आईला आणि भाचीला घेऊन मी त्र्यंबकला गेले होते. नाशिकपासून तीसेक किलोमीटर, पाऊस भुरभुरत होता आणि कुशावर्ताच्या पायऱ्या शेवाळून निसरड्या झाल्या होत्या. कुंडाच्या ओवरीत बसलेले एक वयस्क गृहस्थ येणाऱ्या-जाणाऱ्यांना गोदावरी कशी अवतरली ते सांगत होते. गौतम ऋषी, दुष्काळ, भाताच्या शेतात शिरलेली गाय, दर्भाच्या काडीनं तिला हाकलणं, गाय मरणं आणि गोहत्येच्या पापातून सुटण्यासाठी गंगेला ब्रह्मगिरीवर आणणं, अशी ही कथा नाशिककडच्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेली असते. गृहस्थांनी दोन कारणं एका दमात सांगितली. गौतमांचा मोठेपणा इतर ऋषींना बघवला नाही, आणि शंकराच्या जटेतली गंगा पार्वतीला सहन झाली नाही. माझी अठरा वर्षांची भाची ऐकत होती. परत येताना गाडीत तिनं सगळ्याचा गोषवारा सांगितला, "म्हणजे ऋषी जेलस झाले आणि पार्वतीपण जेलस झाली."

आईनं काचेबाहेर बघत म्हटलं, "दोघांचं एक नाही गं."

त्यापुढे ती काही बोलली नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण या एका फरकावरून मी पूर्वी तिच्यावर अन्याय केला होता. तो शेवटी सांगते. आधी कथा नीट बघायला हवी. नाशिकच्या नदीच्या या दोन कथांत हेवा आणि ज्याला आपण सवतीमत्सर म्हणतो ते, इतके स्वच्छ वेगळे दिसतात की दुसरं उदाहरण शोधायची गरजच पडत नाही.

पहिली कथा शिवपुराणातल्या कोटिरुद्रसंहितेत येते. शंभर वर्षांचा दुष्काळ पडला आहे. गौतमांनी तप करून वरुणाला प्रसन्न केलं आणि त्यानं एका हातभर खड्ड्यात कधीही न आटणारं पाणी दिलं. त्या पाण्याच्या आधारानं गौतमांनी शेती केली, आश्रम हिरवा झाला आणि दूरदूरचे ऋषी बायकामुलांसह तिथे राहायला आले. पुढे पाणवठ्यावर बायकांची बाचाबाची झाली. गौतमांचे शिष्य पाणी भरायला आले होते, तेव्हा आमचा नंबर आधी म्हणून ऋषिपत्नी अडून बसल्या. अहल्येला स्वतः यावं लागलं. त्या बायकांनी घरी जाऊन नवऱ्यांचे कान भरले, आणि नवऱ्यांनी गणपतीची आराधना करून वर मागितला तो गौतमाला इथून घालवून देण्याचा.

त्यांनी पाणी मागितलं नाही. पाणी त्यांच्याकडे होतंच, रोज भरपूर होतं आणि फुकट होतं. गणपतीनं त्यांना समजावलं की ज्यानं उपकार केले त्याचं वाईट चिंतू नका, पण ते ऐकेनात. शेवटी तो दुबळ्या गाईचं रूप घेऊन भातजवाच्या शेतात शिरला, गौतमांनी गवताची काडी उगारली आणि गाय कोसळली. मग हेच ऋषी गौतमांचं तोंड बघणंही पाप आहे असं म्हणू लागले.

दुसरी कथा ब्रह्मपुराणातल्या गौतमीमाहात्म्यात आहे. गाय तीच, काडी तीच, शेत तेच, पण सुरुवात कैलासावर होते. शंकरानं गंगेला मस्तकावर ठेवलं आहे आणि त्याचं तिच्यावर मन जास्त आहे, याचं पार्वतीला दुःख आहे. ते दुःख आईच्या चेहऱ्यावर वाचून गणपती मार्ग काढतो. पार्वतीची सखी जया गाय होते. गौतमांच्या हातून ती पडल्यासारखी होते आणि प्रायश्चित्त म्हणून गंगा खाली आणायला सांगितलं जातं. गंगा जटेतून उतरते आणि पार्वतीची बाजू तिथे मिटते.

बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे एकच दृश्य दिसतं. एक निरपराध माणूस फसतो आणि त्याच्या दारात मेलेली गाय पडते. कृतीवरून भावना ओळखता येत नाही, ते इथे दिसतं. म्हणून विचारायचं ते हे की मूळ माणसाला आपलं काय वाटत होतं. ऋषींना गौतमांची कीर्ती आपली आहे असं वाटत नव्हतं. ती त्याची आहे हेच त्यांना सलत होतं. पार्वतीला शंकर आपला वाटत होता, आणि तो होताच. आपल्याकडे नाही ते दुसऱ्याकडे आहे याचा सल म्हणजे हेवा, आणि तो कडवट झाला की मत्सर. आपल्याकडे आहे ते तिसऱ्याकडे जाईल याची जी जाळणारी भीती असते, तिला इंग्रजीत काटेकोरपणे जेलसी म्हणतात. मी तिला धास्ती म्हणणार आहे.

मला वाटतं, यातला खरा कस लागतो तो शेवटाच्या प्रश्नाला. हे दुखणं कशानं थांबलं असतं? पार्वतीचं उत्तर सोपं आहे. गंगा डोक्यावरून उतरली की झालं. ती नदी होऊन लाखो माणसांना पाणी पाजते, तिची आरती होते, सिंहस्थात तिच्या काठी सगळा देश लोटतो, त्यातलं काहीही पार्वतीला खुपत नाही. गंगेचं वाईट व्हावं असं तिला वाटलंच नव्हतं. तिला एक जागा रिकामी हवी होती. ऋषींचं मात्र थांबणार तरी कशानं? त्यांना दुसरा हातभर खड्डा दिला असता तरी चाललं नसतं, कारण पाणी हा प्रश्नच नव्हता. गौतम तिथून जाईपर्यंत त्यांना शांती नव्हती, आणि गौतम गेले असते तर पाणी गेलं असतं याचीही त्यांना पर्वा नव्हती. स्वतःचं नुकसान झालं तरी चालेल पण त्याचं बरं दिसू नये, ही मत्सराची खूण कुठेही ताडून बघावी. धास्ती असं करत नाही. जे आपलं आहे ते टिकवायची तिची धडपड असते. तिच्या हातून चूक होईल, क्रूरपणाही होईल, पण स्वतःची वस्तू ती सहसा जाळत नाही.

शिवपुराणाच्या कथेचा पुढचा भाग फार कमी लोक सांगतात. गंगा आल्यावर तेच ऋषी स्नानाला आले, तेव्हा गंगा अदृश्य झाली. ती परत दिसली ती गौतमांनी त्यांच्यासाठी केलेल्या विनवणीमुळे. ज्याला घालवायला निघाले, त्याच्याच हातून त्यांना दुसऱ्यांदा पाणी मिळालं. कथा लिहिणाऱ्याला मत्सराची जात किती नेमकी कळली होती ते यातून दिसतं. मत्सर करणारा बहुतेक वेळा त्या माणसाच्या जवळचा असतो, त्याच्या ताटातलं खाणारा असतो. ॲरिस्टॉटलनंही हेच नोंदवून ठेवलं आहे की माणूस हेवा करतो तो आपल्या बरोबरीच्यांचा, आपल्या गावच्यांचा आणि आपल्या धंद्यातल्यांचा. नाशिकचा शेतकरी अंबानींचा हेवा करत नाही, बांधालगतच्या बागेचा करतो.

आता फरक ओळखायची एक सोपी खूण बऱ्याचदा सांगितली जाते. हेव्यात दोन माणसं असतात आणि जेलसीत तीन. मीही ती बरीच वर्षं मानत होते. पण पंचवटीतच ती कोसळते.

शूर्पणखेची गोष्ट इथलीच. नाशिक या नावाचा उगमही लोक तिच्या कापलेल्या नाकात शोधतात. राम, सीता आणि शूर्पणखा, अशी तीन माणसं इथे आहेत. प्रेमाचा मामला आहे. ती रामाकडे जाते, राम नाकारतो, लक्ष्मण नाकारतो आणि मग ती सीतेवर धावून जाते. कुणालाही विचारा, शूर्पणखेला सीतेचा सवतीमत्सर वाटला असंच सांगतील. पण राम तिचा कधी होता? तिचं काहीही जात नव्हतं. सीतेकडे आहे ते आपल्याकडे नाही, एवढंच तिचं दुखणं होतं. माणसं तीन असली, विषय प्रेमाचा असला, तरी काटेकोर शब्द हेवा हाच. डोकी मोजून भागत नाही. वस्तू आधी कुणाची होती, ते बघावं लागतं.

हा मुद्दा मला शब्दकोशापुरता वाटत नाही. आपल्या वर्तमानपत्रांत 'एकतर्फी प्रेमातून' या शब्दांनी सुरू होणाऱ्या बातम्या येतात. मुलीनं नकार दिला, मग ती दुसऱ्याशी बोलताना दिसली आणि त्यानं तिच्यावर हल्ला केला. त्याबद्दल बोलताना लोक सहज म्हणतात, जेलसीतून केलं. या एका शब्दानं त्या मुलाला जे कधीच मिळालं नव्हतं ते आपण देऊन टाकतो. जेलसी म्हटलं की ती त्याची होती असं गृहीत धरलं जातं, आणि मग तो आपलं राखायला गेला होता अशी त्याची बाजू तयार होते. ती त्याची नव्हती. नकार दिल्यावर तर नव्हतीच, आणि त्याआधीही नव्हती. तिथे तिसरा माणूस आला म्हणून काही हरवलं नाही, कारण हरवायला काही नव्हतं. त्याच्या मनात दुसऱ्या मुलाबद्दल हेवा असेल, तिच्याबद्दल सूड असेल. शब्द बरोबर वापरला की त्याचा हक्काचा आव आपोआप गळून पडतो. मला वाटतं, बातमी लिहिणाऱ्यानं आणि कोर्टात बोलणाऱ्यानं एवढी काळजी घ्यायलाच हवी.

याच्या उलट चूकही होते, आणि ती बायकांच्या वाट्याला जास्त येते. नवऱ्याचं बाहेर लक्ष आहे हे जाणवून जी बाई कासावीस होते, तिला सांगतात, मत्सर करू नये, मत्सर हा षड्रिपूंतला सहावा शत्रू आहे. ती काय दुसऱ्याच्या सुखावर जळत असते? तिचं स्वतःचं घर हलत असतं. तिच्या भीतीला मत्सर हे नाव दिलं की दोष तिच्या स्वभावाचा होतो आणि नवऱ्याच्या वागण्याची चर्चाच थांबते. ब्रह्मपुराणानं पार्वतीला असं दटावलेलं नाही. तिच्या दुःखाला त्यात मान आहे. कथेत सगळे मिळून त्यावर उपाय शोधतात. तो उपाय एका तिऱ्हाईत ऋषीच्या गळ्यात पडतो, ही वेगळी आणि वाईट गोष्ट. धास्तीचा मार बऱ्याच वेळा ज्याचा काही संबंध नाही त्याच्यावर बसतो.

मराठीकडे या भावनांसाठी शब्द कमी नाहीत. अडचण अशी की ते सगळे एकाच कोपऱ्यात गोळा झाले आहेत. हेवा, मत्सर, असूया, पोटदुखी, जळफळाट, डोळ्यांत खुपणं, एखाद्याचं बरं न बघवणं, पाण्यात पाहणं, हे सगळे दुसऱ्याकडे आहे त्याबद्दलचे आहेत. त्यातही किती सूक्ष्म भेद आहेत ते निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत बघावं.

दोन शेजारी बागायतदार आहेत असं समजा. दोघांचीही गोडी छाटणी ऑक्टोबरच्या एकाच आठवड्यात झालेली, वाण एकच, पाणी एकाच पाटाचं. फेब्रुवारीत प्रयोगशाळेचा माणूस येऊन दोन्ही बागांतून द्राक्षांचा नमुना घेऊन जातो. एकाचा अहवाल स्वच्छ येतो, औषधांचे अंश मर्यादेत, आणि त्याचा माल युरोपला जातो. दुसऱ्याच्या नमुन्यात एक औषध मर्यादेबाहेर सापडतं आणि त्याचा माल स्थानिक बाजारात, पडेल त्या भावाला जातो. हे दुसऱ्याला लागणार, ते माणसाला लागतंच. पण त्याच्या तोंडून पुढचं वाक्य कोणतं येतं त्यावर शब्द ठरतो. "मी शेवटची फवारणी इतक्या उशिरा करायला नको होती, त्यानं कधी थांबवली ते विचारून येतो," असं तो म्हणाला तर तो हेवा आहे, आणि पुढच्या हंगामात त्याचा फायदाही होईल. "त्याची बाग उन्हाळ्यात वाळली तर बरं होईल," असं मनात आलं तर तो मत्सर. आणि "त्यानं नमुनाच बदलला असणार, एवढा स्वच्छ अहवाल कुणाचा येतो का," असं तो पारावर बोलू लागला तर ती असूया.

या तिसऱ्या शब्दाचा अर्थ मराठीत आता पुसट झाला आहे, पण अमरकोशात तो अगदी नेमका दिला आहे. दुसऱ्याच्या गुणावरही दोषाचा आरोप करणं म्हणजे असूया. ईर्ष्या म्हणजे सहन न होणं. असूया करणाऱ्याला गुण दिसत नाही असं नाही. त्याला तो दिसतो आणि तो दोष आहे असं सिद्ध करायला तो निघतो. गावात सगळ्यात जास्त नुकसान याच भावनेनं होतं, कारण हेवा आणि मत्सर पोटात राहतात आणि असूया पारावर जाऊन बसते. एकदा ती बोलली गेली की चांगलं पिकवणाऱ्याला आपलं चांगलं पिकवणं लपवावं लागतं, आणि मग त्याचं फवारणीचं वेळापत्रक कुणालाच मिळत नाही.

ईर्ष्या या शब्दाचं मराठीत आणखी वेगळंच झालं. आपण "ईर्षेनं अभ्यास केला", "ईर्षेला पेटून काम संपवलं" असं म्हणतो, आणि त्यात निंदा नसते, चढाओढ असते. गंमत म्हणजे इंग्रजी जेलस ज्या ग्रीक शब्दावरून आला, तो झेलोसही ॲरिस्टॉटलच्या लेखी चढाओढीचाच, चांगल्या अर्थाचा होता; वाईट हेव्याला त्याचा शब्द निराळा होता. पण मराठीत ईर्षा चढाओढीकडे गेल्यावर धास्तीची जागा रिकामी राहिली. ती आपण दोन शब्दांनी भरून काढली. एक सवतीमत्सर, जो घरातल्या दोन बायकांपलीकडे फारसा जात नाही. दुसरा संशय. देवलांनी आपल्या नाटकाला 'संशयकल्लोळ' नाव दिलं तेव्हा मराठी माणसाला नवऱ्याबायकोचा कोणता आजार ते लगेच कळलं. त्या नाटकात एकमेकांचा हेवा करणारं कुणी नाही, जो तो आपलं माणूस जाईल या धास्तीत आहे. पण संशय हा शब्द फक्त बुद्धीची बाजू सांगतो, खरं की खोटं याची. खात्री पटल्यावर संशय संपतो आणि तरीही काळजातली जळजळ संपत नाही. ती कशाची, हे सांगायला शब्द नाही, म्हणून भाची जेलस म्हणते, आणि मग तोच शब्द मैत्रीण गोव्याला गेल्याच्या फोटोखालीही टाकते. तिथे हेवा हा मराठी शब्द तयार आहे. "मला तुझा हेवा वाटतो" हे मराठीत प्रेमानंही म्हणता येतं.

हा भेद आपल्याकडच्या व्याकरणकारांना किती आधी दिसला होता, ते मला उशिरा कळलं. पाणिनीचा एक नियम असा आहे की रागावणं, द्रोह करणं, ईर्ष्या करणं, असूया करणं अशा क्रियांत ज्याच्यावर राग असतो त्याला चतुर्थी विभक्ती लागते. यावर काशिका या सातव्या शतकाच्या सुमाराच्या टीकेत प्रश्न आला आहे की ज्याच्यावर राग असतो त्यालाच, असं का म्हटलं? आणि उत्तरादाखल नवऱ्याचं उदाहरण दिलं आहे. तो बायकोविषयी ईर्ष्या करतो, दुसऱ्या कुणाची तिच्यावर नजर पडू नये म्हणून. इथे राग बायकोवर नाही, म्हणून भार्या या शब्दाला चतुर्थी लागत नाही, द्वितीया लागते. धातू एक, ईर्ष्या एक, पण ती कुणाचं तरी चांगलं न बघवणारी असेल तर एक विभक्ती आणि आपलं राखणारी असेल तर दुसरी. शब्द वेगळा करता आला नाही तेव्हा संस्कृतनं विभक्ती वेगळी केली.

त्या उदाहरणातली बायको द्वितीयेत आहे, म्हणजे कर्माच्या जागी, हेही मी विसरू शकत नाही. धास्ती न्याय्य असू शकते हे मी वर म्हटलं, पण ती ज्याच्याविषयी असते तो माणूस वस्तू होण्याचा धोका तिच्यात कायम आहे. जे आपलं आहे ते टिकावं ही इच्छा, आणि जे आपलं आहे ते आपल्या मुठीतच राहावं ही इच्छा, यांच्यात फार थोडं अंतर असतं. माझ्या मते ते अंतर असं ओळखावं: धास्तावलेला माणूस समोरच्याला प्रश्न विचारतो की नाही? पार्वतीची व्यथा शंकराजवळ जाऊ शकते. काशिकेतला नवरा बायकोला काही विचारत नाही, फक्त दार लावून घेतो.

ऑथेल्लोही नीट विचारत नाही. शेक्सपिअरचं हे नाटक मराठीत पुन्हा पुन्हा आलं. 1867 साली महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर निघालं, 1890 साली देवलांनी त्याचा 'झुंझारराव' केला आणि पुढे नाशिकच्या शिरवाडकरांनीही ते मराठीत आणलं. या नाटकाला सगळे जेलसीची शोकांतिका म्हणतात, आणि ऑथेल्लोपुरतं ते बरोबर आहे. डेस्डेमोना त्याची आहे, ती कॅसिओकडे जाते आहे असं त्याला वाटायला लावलं आहे. कॅसिओचा त्याला हेवा नाही. त्याला बढती स्वतः ऑथेल्लोनंच दिली होती. पण सगळा विध्वंस घडवणारा इयागो वेगळाच आहे. बढती आपल्याला मिळायला हवी होती ती कॅसिओला मिळाली, म्हणजे हेवा. आपल्या बायकोचं ऑथेल्लोशी काही असावं अशी शंका तो बोलून दाखवतो, म्हणजे धास्ती. आणि कॅसिओच्या रोजच्या जगण्यात जे एक सौंदर्य आहे त्यानं आपण कुरूप दिसतो, हेही तो कबूल करतो, म्हणजे निखळ मत्सर. तिन्ही एका माणसात. यातलं खरं कोणतं?

इथे शेवटाचा प्रश्न पुन्हा कामाला येतो. कॅसिओची जागा इयागोला नाटकाच्या मध्यावर मिळते, ऑथेल्लो त्याला तसं सांगतो. हेवा असता तर तिथे थांबला असता. आपल्या बायकोला तो एकदाही नीट विचारत नाही, तिला राखायचा प्रयत्न करत नाही, आणि शेवटी तिलाच मारतो. धास्ती असती तर असं झालं नसतं. उरतो मत्सर, आणि तो कशानंच थांबत नाही. हेवा आणि धास्ती ही दोन्ही त्यानं कारण म्हणून पुढे केली, कारण ती दोन्ही कबूल करता येतात. "माझा हक्क डावलला," असं माणूस चारचौघांत म्हणू शकतो, "माझं माणूस हिरावलं," असंही म्हणू शकतो. "त्याचं चांगलं असणंच मला सोसवत नाही," असं कुणी म्हणत नाही. म्हणून प्रत्यक्षात दोन्ही भावना मिसळलेल्या दिसतात तेव्हा मी आधी हे बघते की माणूस कोणती सांगतो आहे आणि कोणती लपवतो आहे.

लहान मुलांत मात्र लपवणं नसतं. दुसरं बाळ घरात आलं की थोरलं आईच्या मांडीवर चढून बसतं, बाळाला ढकलतं, सोडलेली बाटली पुन्हा मागतं. ही धास्ती, शंभर टक्के. मांडी त्याची होती. तेच थोरलं पाच वर्षांनी धाकट्याचं नवं दप्तर बघून रडतं, तो हेवा. पहिल्या वेळी त्याला दुसरं काही आणून देऊन भागत नाही, आईनं मांडीवर घ्यावं लागतं. दुसऱ्या वेळी मांडीवर घेऊन भागत नाही. आया हे शब्दांशिवाय ओळखतात.

माझ्या आईचं मी ओळखलं नाही. धाकट्या भावाचं लग्न होऊन वहिनी घरात आली तेव्हा आमचं घर पंचवटीत होतं. वहिनी मनमिळाऊ, कामाची आणि हसरी होती. महिनाभरात मिसळणाचा डबा ओट्याच्या डावीकडून उजवीकडे गेला, कारण वहिनी उजव्या हाताशी घ्यायची. बाबा चहा तिच्याकडे मागू लागले. भाऊ कामावरून आल्यावर आधी आत जायचा, तो आता आधी माडीवर जाऊ लागला. आई चिडचिडी झाली. वहिनीनं केलेली आमटी तिनं एकदा ताटात तशीच ठेवली. मी माहेरपणाला आले होते, नुकती चार पुस्तकं वाचलेली होती, आणि मी तिला सगळ्यांच्या देखत म्हटलं, "आई, तू तिचा मत्सर करतेस."

ती काहीच बोलली नाही. उठून मागच्या अंगणात गेली. त्या दिवसापासून तिनं वहिनीच्या स्वयंपाकात लक्ष घालणं थांबवलं, पण आमच्याशी बोलणंही कमी केलं. मला ती सुधारली असं वाटलं होतं.

वहिनीचं रूप, माहेर, शिक्षण, पगार, यातलं काहीही आईला नको होतं. शेजारणींकडे ती वहिनीचं कौतुकच करायची. ते मी ऐकलं होतं आणि तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही की मत्सरी माणूस असं करत नाही. मी तिला षड्रिपूंतला शब्द दिला आणि तिचं बोलणंच बंद करून टाकलं. मत्सर म्हटल्यावर माणसाकडे मागायला काही उरत नाही, फक्त लाजायचं उरतं. धास्ती म्हटलं असतं तर विचारता आलं असतं की तुझं काय जातंय, आणि त्यावर करता येण्यासारखं बरंच काही होतं. चहा दोघींपैकी कुणाकडे मागायचा इतकं साधंसुद्धा.

त्र्यंबकहून परत आल्यावर त्या रात्री मी तिच्या खोलीत गेले आणि त्या जुन्या वाक्याची आठवण काढली. ती विसरली असेल असं मला वाटत होतं. तिला आमटी कसली होती तेसुद्धा आठवत होतं. मी चुकीचा शब्द वापरला होता असं मी म्हटलं. तिनं पांघरूण नीट केलं आणि थोड्या वेळानं विचारलं, "डबा डावीकडेच असायचा ना गं आपल्याकडे?"

मी हो म्हटलं.